माझी खोली ही घराची वहिवाट झाली आहे (एकत्र कुटुंब, दोन बेडरूम, सहा माणसं)

जिन्याखालची
शनिवार, रात्री ११.२०

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं. आम्ही नारायण पेठेत राहतो. वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत तिसरा मजला, दोन बेडरूम. घरात सासूसासरे, नवरा, मी, नऊ वर्षांची मुलगी आणि नवऱ्याच्या आत्याबाई. आत्याबाई ७४ वर्षांच्या आहेत, लग्न केलं नाही, आयुष्यभर भावाकडेच राहिल्या. त्या हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. मुलगी कधी आमच्यात, कधी आजीकडे.

माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगते, म्हणजे पहिला प्रतिसाद 'वेगळे राहा' असा यायला नको. भांडण नाही. पण आमच्या बेडरूमचं दार मी दिवसा लोटलं, की पाच मिनिटांत ते उघडतं. टकटक वगैरे प्रकार आमच्याकडे नाही. 'झोपली होतीस का गं?' असं विचारत माणूस आधीच आत आलेलं असतं. मी एका सीएंकडे नोकरी करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. बाकी लोक ऑफिसला जातात तेव्हा मी हिशेब जुळवत असते आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी ओला टॉवेल घेऊन गॅलरीत जात असतं.

कडी लावून पाहिली. एकदाच. कडी सरकल्याचा आवाज हॉलमध्ये गेला आणि जेवताना सासूबाई म्हणाल्या, 'बरं वाटत नव्हतं का?' त्यानंतर हिंमत झाली नाही.

मला दिवसातला एक तास हवाय, घरातच. कोणी काही जमवलं असेल तर सांगा.

ढोलताशा
शनिवार, रात्री ११.४१

ताई, स्पष्ट सांगतो, वेगळे राहा. धायरी, आंबेगावकडे भाडी पेठेपेक्षा बरीच कमी आहेत. एजंटचा नंबर हवा तर व्यनि करा.

जिन्याखालची
रात्री ११.४४

दुसरा परिच्छेद वाचलात का दादा?

मधला_चौक
रविवार, सकाळी ७.०५

आम्ही शनिवारातल्या वाड्यात चौदा जण दोन खोल्यांत वाढलो. नळ चौकात, संडास मागच्या बाजूला आणि तेही सगळ्या बिऱ्हाडांत मिळून. प्रायव्हसी हा शब्दसुद्धा माहीत नव्हता, काही अडलं नाही. आता प्रत्येकाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र टीव्ही. माणसं मनाने लांब गेली आहेत, बाकी काही नाही.

शाळामास्तरीण
रविवार, सकाळी ८.३०

मधला_चौक, तुमचं अर्धं खरं आहे. खोल्या दोन होत्या, पण वाडा दोन खोल्यांचा नव्हता. मीही वाड्यातलीच आहे. दोन खोल्यांना जोडून जिना होता, माडी होती, गच्ची होती, परसात चाफ्याखाली धुण्याचा दगड होता. माझ्या आईला रडायचं असलं, की ती घागर घेऊन खाली जायची. 'पाणी आणायला गेले' म्हटलं की कोणी विचारायचं नाही. चौदा जण होते, पण दुपारी पुरुष घरात नसत आणि मुलं शाळेत. आता सासरेबुवा निवृत्त, सून घरून काम करणारी, आणि खाली जायला चौकच नाही, पार्किंग आहे.

अंतू_बर्वा_नव्हे
रविवार, सकाळी ९.१०

पार्किंगचं नाव काढलंत म्हणून. मी रोज ऑफिसातून आल्यावर वीस मिनिटं गाडीतच बसतो. काही करत नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून भिंतीकडे बघतो. परवा वॉचमन काच वाजवून म्हणाला, 'साहेब, बरं आहे ना?' आता तो मला बघून दुरून अंगठा दाखवतो आणि मी परत अंगठा दाखवतो. एकांत तिथेही संपला.

(इंजिन बंद ठेवतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये एसीसाठी गाडी चालू ठेवून कोणी बसू नका, तो धूर जिवावर बेततो.)

रंधा
रविवार, दुपारी १.१५

मी वीस वर्षं घरांची अंतर्गत कामं करतोय, बहुतेक पेठांत आणि कोथरूडला. जिन्याखालची ताई, तुमचा प्रश्न माणसांचा कमी आणि मांडणीचा जास्त वाटतोय. तुम्ही एक काम करा. दाराला आतून कागद चिकटवा आणि तीन दिवस लिहा, कोण आलं आणि कशासाठी आलं. राग न धरता, फक्त खुणा.

कारण माझा अनुभव असा की खोलीत माणूस येत नाही, त्याची वस्तू त्याला तिथे बोलावते. सुनेच्या खोलीत सगळ्यांचं कपाट असतं, गीझर तिथल्याच बाथरूममध्ये असतो, वाळत घालायची दोरी तिच्याच गॅलरीत. मग ती खोली नावाला तिची. आमच्या भाषेत ती पॅसेज. पॅसेजला दार लावून उपयोग नसतो.

जिन्याखालची
रविवार, दुपारी १.४०

पॅसेज! हाच शब्द. आजी वहिवाट म्हणायची, शेतातून जाणारी. लिहिते तीन दिवस.

सोनचाफा८१
रविवार, दुपारी ३.२२

तोवर आवाजाचं कोणी सांगेल का? आमच्याकडे कोणी खोलीत येत नाही, पण आम्ही दोघं आत काय बोलतो ते बाहेर सगळं ऐकू जातं. भांडणंसुद्धा आम्ही व्हॉट्सॅपवर करतो, एकाच पलंगावर बसून.

ढोलताशा
रविवार, दुपारी ३.५०

अंड्यांचे ट्रे चिकटवा दाराला. किंवा तो काळा फोम मिळतो ना, खळग्याखळग्यांचा. आमच्या पथकातल्या एकाने घरी रेकॉर्डिंगसाठी केलंय, आवाज एकदम बसतो.

रंधा
रविवार, रात्री ९.०५

त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, म्हणून तुमच्या मित्राचं रेकॉर्डिंग स्वच्छ येतं. बाहेर जाणारा आवाज फोम अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात.

सोनचाफा, आज रात्री एक करून बघा. हॉलमधले सगळे दिवे घालवा, तुमच्या खोलीतला दिवा लावा, दार बंद करा आणि बाहेर उभ्या राहा. उजेड जिथून बाहेर येईल तिथूनच तुमचं बोलणं बाहेर जातं. बहुतेकांकडे दाराखाली बोटभर फट असते. जुन्या घरांना उंबरा होता, त्यावर दार टेकायचं. आता बाथरूमला ग्रॅनाइटचा उंबरा असतो, बेडरूमला एकसलग टाइल्स. दार बदलायच्या आधी ती फट बुजवा. दाराच्या खालच्या कडेला बसवायची एक पट्टी मिळते, दार लागलं की तिच्यातलं रबर आपोआप खाली उतरतं. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी. मग दारावर बोटाने टकटक करून बघा. खोक्यासारखा पोकळ आवाज आला तर आत पुठ्ठ्याची जाळी आहे. तसं दार कितीही पट्ट्या लावल्या तरी बोलणं सोडणारच, तिथे भरीव फ्लश डोअर हवं.

आणि हॉल व बेडरूमच्या मधल्या भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर स्विचबोर्ड असेल तर तिथे भिंत नाहीच असं समजा. बोर्ड काढून पाहिलं की पलीकडचा दिसतो कधीकधी.

सोनचाफा८१
सोमवार, सकाळी १०.१८

दाराखालून उजेड आलाच. पण वरूनही आला! हॉल आणि बेडरूमच्या मधलं पार्टिशन आम्ही नंतर घातलंय, त्याच्या वरच्या कडेने सरळ रेघ दिसत होती.

रंधा
सोमवार, सकाळी ११.००

म्हणजे पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेऊन सोडलंय, स्लॅबला भिडवलेलं नाही. वर दोन्ही खोल्यांची पोकळी एकच आहे. आवाज वरून फिरून जातो. ते स्लॅबपर्यंत बंद करावं लागेल. मात्र तिथे विटा रचू नका. चार इंची विटेची भिंत धावत्या मीटरला सहज सहाशे-सातशे किलो भरते, आणि खाली बीम नसेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो भार स्लॅबवर टाकायचा नसतो. पत्र्याचा सांगाडा, दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डचे दोन-दोन थर आणि मध्ये रॉकवूल. थर्माकोल नको, त्याला वजनच नाही. हे सगळं करूनही खिडक्या उघड्या असतील तर आवाज बाहेरून फिरून येतो, ते धरून चाला.

पर्वतीवाली
सोमवार, दुपारी १२.३५

एवढा खर्च करण्यापेक्षा घराबाहेर एकांत शोधा ना. मी सकाळी पर्वती चढते, १०३ पायऱ्या, वर गेलं की कोणाची सून नसते मी. किंवा लक्ष्मी रस्त्यावरचं नगर वाचन मंदिर, १८४८ पासूनची संस्था आहे, तिथे पेपर चाळत बसलं तर कोणी हटकत नाही.

सदाशिवातली_सीमा
सोमवार, दुपारी २.१०

मी याच्याही पुढे गेलेय. आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून जागा घेतली आहे. एमपीएससीची पोरं दोन्ही बाजूंना, मध्ये मी, वय ४६. अडीच फुटांचं टेबल, वर ट्यूबलाइट, तीन बाजूंना फळ्या. शांतता इतकी की पान उलटलेलं ऐकू येतं. मालकाने विचारलं, 'मॅडम, कुठली परीक्षा?' मी म्हटलं, खातेअंतर्गत. घरी माहीत नाही. घरी सांगितलंय की शिवणाचा क्लास आहे. सहा महिने झाले, अजून एक ब्लाउज शिवून दाखवलेला नाही.

मधला_चौक
सोमवार, दुपारी २.४०

खोटं बोलून मिळवलेला एकांत काय कामाचा?

सदाशिवातली_सीमा
सोमवार, दुपारी २.४१

उत्तम कामाचा. तुम्ही सकाळी सातला इथे प्रतिसाद लिहीत होतात तेव्हा घरात चहा कोण करत होतं?

कोथरूडची_आजी
सोमवार, सायंकाळी ५.५५

एक जुनी गोष्ट सांगते, आवडेल न आवडेल. माझी सासू म्हणायची, महिन्याचे ते तीन दिवस बाजूला बसायचं हीच काय ती आमची सुट्टी. कोणी हाक मारत नसे, वाढलेलं पान समोर यायचं, ती वाती वळत किंवा वाचत बसे.

शाळामास्तरीण
सोमवार, सायंकाळी ६.२०

आजी, तुमच्या सासूबाईंना विश्रांती मिळाली असेल, पण मी ते तीन दिवस थंडीत वेगळ्या घोंगडीवर काढलेत आणि सगळ्या बिऱ्हाडांना त्याचं कारण माहीत असायचं. त्यात खासगी काय होतं? सगळ्या वाड्याला तारीख पाठ.

कोथरूडची_आजी
सोमवार, सायंकाळी ६.३१

तेही खरंच गं. ती सांगायची ते सांगितलं.

जिन्याखालची
बुधवार, रात्री १०.५०

झाले तीन दिवस. दाराला कागद लावला नाही, कोणी वाचलं असतं. हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर खुणा केल्या. एकूण ४६ वेळा दार उघडलं.

गॅलरीतल्या दोरीसाठी १४. कपाटासाठी ११, कारण त्यात सासूबाईंच्या ठेवणीतल्या साड्या, बँकेची पासबुकं आणि आत्याबाईंची औषधं आहेत. आमच्या बाथरूमसाठी ९, मोठा गीझर तिथे आहे. झाडूपोछावाल्या मावशी ३. वायफायचा डबा बंद-चालू करायला सासरे ३ वेळा. आणि खास माझ्याशी बोलायला म्हणून आलेले फक्त ६, त्यातली ४ वेळा मुलगी.

म्हणजे ४६ पैकी ४० वेळा माझ्याशी कोणाचा संबंधच नव्हता! मी उगाच सगळं अंगाला लावून घेत होते.

रंधा दादा, पुढे काय?

रंधा
गुरुवार, सकाळी ७.४०

आता वस्तू हलवा, माणसांना काही सांगू नका. औषधं आणि पासबुकं हॉलमध्ये. वायफायचा डबा हॉलमध्ये. दोरीसाठी, तुमच्या स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी असेल ना? तिथे छताला दोरीने वर-खाली करायचा हँगर लावा, साडेपाच-सहा फुटी. गीझरचं लगेच होणार नाही, दुसऱ्या बाथरूमची वायर आधी तपासावी लागेल.

जिन्याखालची
गुरुवार, सकाळी ८.०५

ड्राय बाल्कनीत सध्या रद्दी, रिकाम्या बरण्या आणि सासऱ्यांचा १९९६ सालचा मिक्सर आहे, 'चालू आहे तो'. बघते.

जिन्याखालची
तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४.१५

धागा वर काढतेय. सगळं हलवलं. मिक्सरसकट. पुन्हा तीन दिवस मोजलं तर ४६ चे २३ झाले. दोरी ३ (चादरी अजून गॅलरीतच, ड्राय बाल्कनीत ऊन येत नाही आणि पावसाळ्यात काय होईल देव जाणे), कपाट २, बाथरूम ७, मावशी ३. पण बोलायला येणारे ६ चे ८ झाले, आणि ते वाढलेले सगळे आत्याबाईंचे. येतात, पलंगाच्या कडेला बसतात, 'काय करतेस' विचारतात, उत्तर ऐकत नाहीत, दोन मिनिटांनी उठून जातात. आधी असं कधी करत नसत.

शाळामास्तरीण
रविवार, सायंकाळी ५.००

जिन्याखालची, तुझ्या पहिल्या मोजणीत मला एक खटकलं होतं, तेव्हा बोलले नाही. कपडे दिवसातून एकदा वाळत घालायचे, एकदा काढायचे. तीन दिवसांच्या झाल्या सहा फेऱ्या. चौदा कशा? कोणाच्या होत्या ते लिहिलंयस का?

जिन्याखालची
रविवार, सायंकाळी ५.२५

वही बघितली. ४ सासूबाईंच्या. १० आत्याबाईंच्या.

शाळामास्तरीण
रविवार, सायंकाळी ५.३२

आणि त्या गॅलरीत किती वेळ थांबायच्या?

जिन्याखालची
रविवार, रात्री ११.१०

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला बसून आठवावं लागलं.

गॅलरीतून शेजारच्या जुन्या वाड्याची कौलं आणि एक शेवगा दिसतो. आत्याबाई एक टॉवेल घेऊन जायच्या, तो वाळत टाकायच्या आणि उभ्या राहायच्या. मग टॉवेल उलटा करायच्या. मग चिमटे एका बाजूला सरकवायच्या. मी मनात म्हणायचे, एका टॉवेलला किती वेळ लावतात. हॉलमध्ये दिवाण, टीव्ही, सासऱ्यांचे मित्र, मुलीचा अभ्यास. त्या पहाटे पाचला उठून अंधारात चहा घेतात, दिवा न लावता, तेही मला आज संध्याकाळी जाणवलं. ४१ वर्षं त्या या कुटुंबाच्या हॉलमध्ये झोपताहेत, आधी वाड्यात माजघरात, आता इथे. त्यांना दारच नाही. मी त्यांची दोरी काढून ड्राय बाल्कनीत नेली, जिथे उभं राहिलं की समोर शेजाऱ्यांची ड्रेनेजची पाइप दिसते.

रंधा
सोमवार, सकाळी ७.१५

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी फक्त वस्तू मोजायला सांगितलं.

ढोलताशा
सोमवार, सकाळी ९.५०

मग दोरी परत लावा गॅलरीत. सोपं आहे.

जिन्याखालची
सोमवार, सकाळी १०.०२

लावली तर माझा तास जातो ना दादा. त्याच खोलीतून जावं लागतं.

अंतू_बर्वा_नव्हे
सोमवार, दुपारी १.३०

वेळ वाटून घ्या? आमच्या ऑफिसात मीटिंग रूमचं असतं तसं. तुम्ही घरून काम करता त्या दिवशी चार ते साडेपाच गॅलरी त्यांची, खोली तुम्ही सोडायची.

पर्वतीवाली
सोमवार, दुपारी १.५५

७४ वर्षांच्या बाईला वेळापत्रक देणार? त्यांना वाटेल, हाकलताहेत.

कोथरूडची_आजी
सोमवार, दुपारी ३.१२

मी त्यांच्याच वयाची. मला कोणी 'तुम्हाला एकांत हवाय का' असं विचारलं तर मी नाहीच म्हणेन. लाज वाटते तसं मागायला. काम द्या. मला सुनेने गच्चीवरच्या कुंड्या दिल्यात. पाणी घालायला अर्धा तास लागतो, खरं तर दहा मिनिटं पुरतात.

जिन्याखालची
शनिवार, रात्री १०.३५

आजी, तुमचं ऐकलं. गॅलरीत चार कुंड्या आणल्या, तुळस, कढीपत्ता, दोन गोकर्ण. आत्याबाईंना म्हटलं, मला ऊन सोसत नाही, संध्याकाळचं पाणी तुम्ही बघाल का? त्या म्हणाल्या, बघते की. आता साडेचारला मी लॅपटॉप घेऊन मुलीच्या टेबलाशी जाते आणि सव्वापाचपर्यंत खोलीत जात नाही. माझा तास दुपारी दोन ते तीन, तेव्हा घर झोपलेलं असतं. दार लोटते, कडी नाही. आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी येतंच. सासूबाईंना अजूनही दार दिसलं की उघडायचं असतं, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

काल मात्र आत्याबाईंनी स्वतःहून एक मागितलं. दिवाणाला पडदा लावता येईल का म्हणाल्या, रात्री सगळे झोपायच्या आधी हॉलमधून जा-ये असते. आणि दिवा हाताशी हवा, उठून लावावा न लागणारा. सासऱ्यांना ते पटलं नाहीये. 'हॉलमध्ये पडदा म्हणजे दवाखाना वाटेल.' नवरा दोघांकडे बघत बसला होता.

रंधा दादा, दिवाणाच्या वर बीम आहे. पडद्याची पट्टी त्यात ठोकता येईल का?

रंधा
रविवार, सकाळी ७.५०

बीमच्या तळाला ड्रिल मारू नका, तिथे मुख्य सळया असतात. बाजूला स्लॅबला ट्रॅक लावा, एल आकाराचा, दोन बाजूंना फिरणारा. खोल मारायचं नाही, दीड इंच पुरे. दिवाणाची लांबी-रुंदी टाका. आणि पडद्याचं कापड आत्याबाईंना निवडू द्या.

जिन्याखालची
रविवार, सकाळी ८.०४

सहा फूट बाय अडीच. कापड त्यांनी निवडलंय, तुळशीबागेतून आणलं, सासऱ्यांना दाखवायचं अजून बाकी आहे.